पडदा पुसायचा, पण दाबायचा नाही

घरोघरी दिसणाऱ्या एलईडी टीव्हीच्या पडद्यावर बोट टेकवले, तर ते बहुतेक वेळा काचेवर टेकत नाही. काच असते, पण ती आत असते. दोन पातळ काचांच्या मध्ये द्रव स्फटिकांचा थर असतो आणि पुढच्या काचेवर पोलरायझर नावाची प्लास्टिकची फिल्म चिकटवलेली असते. एलईडी दिवे या साऱ्याच्या मागे असतात आणि उजेड पुरवतात, चित्र मात्र एलसीडी पॅनेलवर उमटते. पोलरायझरची फिल्म खरेच तिथे आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. पोलरॉइड गॉगल लावून चालू टीव्हीसमोर उभे राहावे आणि मान हळूहळू आडवी करावी. बहुतेक पडद्यांवरचे चित्र एका कोनात मंद होते किंवा पार काळे पडते. अमेरिकेतील एडविन लँड यांनी 1938 मध्ये आयोडीन लावलेल्या, ताणलेल्या प्लास्टिकपासून अशी फिल्म तयार केली. आजच्या पडद्यांवरची फिल्म त्याच तत्त्वावर बनते.

या फिल्मवर आणखी एक फार पातळ लेप असतो. चकचकीत पडद्यावर तो प्रतिबिंब कमी करतो. मॅट पडद्यावर त्याचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत ठेवलेला असतो, म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर विखुरतो. आपला पडदा कोणत्या जातीचा हे ओळखायला टीव्ही बंद करून समोरच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. दिव्याची आकृती स्पष्ट दिसली तर पडदा चकचकीत, नुसता पसरट उजेड दिसला तर मॅट.

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला समोर जाड काच होती. तिच्यावर वर्तमानपत्राचा ओला बोळा चालत असे, खिडकीच्या काचेसाठी मिळणारा निळा स्प्रेही चालत असे. टीव्ही बदलले तरी पुसण्याची रीत बदलली नाही. प्लास्टिकच्या फिल्मवर आणि तिच्यावरच्या लेपावर तीच रीत वापरली की ओरखडे, फराटे आणि कायमचे डाग पडतात.

पडद्यावरची घाण मुख्यतः दोन प्रकारची असते आणि दोन्ही प्रकार वेगवेगळ्या पद्धतीने निघतात. पहिला प्रकार धुळीचा. घरातल्या धुळीत कपड्यांचे तंतू आणि त्वचेचे कण असतात, तसे बाहेरून आलेले वाळूचे बारीक कणही असतात. वाळूतला क्वार्ट्‌झ हा काचेपेक्षाही कठीण असतो. मग प्लास्टिकवरच्या लेपाची काय कथा? असा कण फडक्याखाली दाबून फिरवला की तो फिरवलेल्या वाटेने रेघ ओढतो. म्हणूनच ओला फडका लावण्याआधी धूळ काढायची. धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो आणि तो पडद्यावर घासला जातो.

दुसरा प्रकार बोटांच्या ठशांचा. ठशात घाम असतो, म्हणजे पाणी आणि मीठ, आणि त्वचेचे तेल असते. पाणी उडून जाते, तेल आणि मीठ मागे राहतात. कोरड्या फडक्याने तेल निघत नाही, ते फक्त पसरते. ठसा दिसेनासा झाला असे वाटते, पण त्या जागी तेलाचा पातळ पापुद्रा तयार झालेला असतो आणि तिरक्या उजेडात तो रंगीत झाक दाखवतो. ज्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नाही, तिथे फोडणीच्या धुरातून येणारे तेलही पडद्यावर बसते. हे तेल महिनोन्‌महिने तसेच राहिले तर हवेशी संयोग होऊन चिकट बनते आणि त्यावर धूळ रुतून बसते. सर्वांत चिवट थर हाच.

पुसण्यासाठी लागणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. मायक्रोफायबरची तीन स्वच्छ फडकी, शुद्ध पाणी आणि भांडी घासण्याच्या सौम्य लिक्विडचे काही थेंब. मायक्रोफायबर हे पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या जातीच्या तंतूंचे कापड आहे. तंतू अतिशय बारीक आणि चिरलेले असल्यामुळे तेल आणि धूळ त्यांच्यामधल्या फटींत उचलली जाते. जुन्या बनियनचे किंवा धोतराचे सुती कापड मऊ लागते, पण ते तेल उचलण्याऐवजी पुढे ढकलते आणि धागे सोडते. टिश्यू पेपर आणि पेपर नॅपकिन लाकडाच्या लगद्याचे असतात. पडद्यावर ते वापरूच नयेत.

पाण्याच्या बाबतीत लोक फारसा विचार करत नाहीत, आणि नेमके तिथेच फराट्यांचे मूळ असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले जाते. म्हणजे अशा एका मिलिलिटर पाण्यातून अर्धा मिलिग्रॅम क्षार मागे राहू शकतो. पिण्याला तो काहीच नाही, काळ्या पडद्यावर मात्र त्याचे पांढरट ठिपके स्पष्ट दिसतात. बोअरच्या पाण्यात क्षार याहून बरेच जास्त असू शकतात. पाणी उकळल्याने क्षारांचा काही भाग भांड्याच्या तळाशी बसतो, बाकीचा पाण्यातच राहतो. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी सीलबंद मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे. घेताना बाटलीवरचे लेबल वाचावे, कारण त्याच दुकानात बॅटरीचे ॲसिडही असते. डिस्टिल्ड वॉटर नसेल तर आरओचे पाणी चालते. त्यात थोडे क्षार उरतात, पण शेवटी कोरडे फडके फिरवले तर त्यांचा त्रास होत नाही.

बाकीच्या घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. व्हिनेगर क्षार विरघळवते, तेल नाही. त्यामुळे ठशांसाठी त्याचा उपयोग नाही. हँड सॅनिटायझरमध्ये त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि तेच पडद्यावर चिकट थर सोडतात. काच पुसण्याच्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा इतर द्रावक असू शकतात, ते लेपाला बाधतात. थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोन तर पडद्याच्या जवळही आणू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलबाबत कंपन्यांचे एकमत नाही. काही कंपन्या आपल्या काचेच्या पडद्यांवर 70 टक्क्यांचे चालते असे सांगतात, काही स्पष्ट मनाई करतात. टीव्हीबरोबरच्या पुस्तिकेत ते चालते असे लिहिलेले नसेल, तर ते वापरायचे नाही हाच नियम धरावा.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, 43 इंची टीव्ही आहे. त्याचा पडदा साधारण 95 सेंटिमीटर रुंद आणि 53 सेंटिमीटर उंच भरतो. टीव्ही कमी उंचीच्या टेबलावर आहे, घरात लहान मूल आहे, आणि खालच्या उजव्या बाजूला त्याच्या पंजाचे ठसे आहेत. बाकी पडद्यावर धूळ आहे, शिवाय स्वयंपाकघराच्या बाजूला तेलकट झाक आहे.

प्रथम टीव्ही बंद करून पिन प्लगमधून काढावी आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. गरम पडद्यावर पाणी झटकन उडते आणि त्यातले जे काही आहे ते जागच्या जागी सुकते. काळ्या पडद्यावर घाणही चांगली दिसते. मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ समांतर धरून बाजूने पाहावे. समोरून न दिसणारी प्रत्येक गोष्ट या तिरक्या उजेडात उठून दिसते, आणि कुठे धूळ आहे व कुठे तेल हे वेगळे कळते.

सुरुवात वरच्या कडेपासून करावी. चौकटीच्या वर बसलेली धूळ आधी पुसली नाही, तर ती नंतर स्वच्छ पडद्यावर पडते. मग कॅमेऱ्यासाठी मिळणाऱ्या रबरी ब्लोअरने पडद्यावर वरून खाली हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात. त्यानंतर पहिले फडके चार पदरी घडी करून, पडद्यावर जेमतेम टेकेल असे धरून, वरून खाली सरळ पट्ट्यांत न्यावे. इथे घासायचे नसते, धूळ उचलायची असते. दोन-तीन पट्टे झाले की घडी उलटून फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी. कोरडे फडके पुन्हा पुन्हा फिरवले तर पडद्यावर स्थिर विद्युत जमा होते आणि हवेतली धूळ परत ओढली जाते. त्यामुळे कोरडी फेरी एकदाच आणि हलक्या हाताने करावी. ज्या घरी ठसे नाहीत, नुसती धूळ आहे, त्यांचे काम इथेच संपते.

ओल्या फेरीत सर्वांत महत्त्वाचा नियम एकच: पाणी फडक्यावर मारायचे, पडद्यावर कधीही नाही. यामागचे कारण पडद्याच्या कडेला आहे. पडद्यावर मारलेल्या स्प्रेचे थेंब ओघळून खालच्या चौकटीपाशी पोचतात, आणि पडदा व चौकट यांच्यामधली फट त्यांना आत ओढून घेते. पॅनेलच्या कडेला, बऱ्याच टीव्हींत नेमके खालच्या कडेला, चित्राचे संकेत पोचवणाऱ्या चिप बसवलेल्या लवचीक पट्ट्या काचेला जोडलेल्या असतात. त्यांच्यातल्या वाहक रेषा अतिशय बारीक असतात. तिथे ओल पोचली की रेषा गंजतात किंवा एकमेकींना जोडल्या जातात, आणि पडद्यावर उभ्या रंगीत रेघा येतात किंवा चित्राचा एक पट्टाच नाहीसा होतो. काही वेळा हे लगेच घडत नाही, काही दिवसांनी दिसते. त्यामुळे त्याचा संबंध साफसफाईशी लावला जात नाही. अशा टीव्हीला दुरुस्तीवाला बहुधा पॅनेल बदलायला सांगतो, आणि पॅनेल हाच टीव्हीतला सर्वांत महाग भाग असतो. द्रव आत गेल्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही.

फडके किती ओले असावे, हे आरशावर तपासता येते. दुसऱ्या फडक्यावर दोन-तीन फवारे मारावेत, किंवा ते भिजवून घट्ट पिळावे, आणि आरशावर एकदा फिरवावे. मागे दमट धूसर पट्टा राहिला आणि तो पाच-दहा सेकंदांत उडून गेला, तर ओल योग्य आहे. थेंब दिसले तर फडके जास्त ओले आहे, ते पुन्हा पिळावे.

या दमट फडक्याने आधी ठशांची जागा घ्यावी. फडके ठशावर नुसते ठेवून दहा-पंधरा सेकंद थांबावे. मीठ विरघळायला आणि सुकलेली घाण सैल व्हायला तेवढा वेळ लागतो. मग डागाच्या बाहेरच्या कडेकडून मध्याकडे हलकेच पुसावे, म्हणजे तेल आजूबाजूला पसरत नाही. लगेच घडी बदलावी. तीच बाजू पुन्हा लावली तर उचललेले तेल परत पडद्यावर जाते. साध्या पाण्याने तेलकट झाक निघाली नाही, तरच लिक्विड वापरावे. त्याचे प्रमाण शंभराला एक, म्हणजे अर्धा लिटर पाण्यात एक लहान चमचा. त्याहून जास्त घातल्याने तेल लवकर निघत नाही, उलट साबणच मागे राहतो. साबणाच्या फेरीनंतर फडके साध्या पाण्यात खळबळून, पिळून, त्याच जागी पुन्हा फिरवावे. स्वयंपाकघराच्या बाजूच्या चिकट थराला अशा दोन-तीन फेऱ्या लागतात. एकाच फेरीत तो काढायचा प्रयत्न केला की हात आपोआप जोर लावू लागतो.

हा जोर नेमका काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन काचांमधला द्रव स्फटिकांचा थर तीन-चार मायक्रोमीटर जाडीचा असतो, माणसाच्या केसाच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतका. वरून दाबल्यावर हे अंतर बदलते आणि स्फटिकांची मांडणी विस्कटते. चालू पडद्यावर बोट दाबल्यास भोवती उमटणारे रंगीत वलय म्हणजे हीच विस्कटलेली मांडणी. हलका दाब काढला की ती पूर्ववत होते. जास्त दाबाने मात्र मागची उजेड पसरवणारी प्लास्टिकची पाने एकमेकांवर दबतात आणि तिथे कायमचा पांढरट ठिपका उरतो, किंवा काचेला तडा जातो. ओएलईडी टीव्हीत द्रव स्फटिक नसतात, पण त्याचे पॅनेल वरच्या भागात काही मिलिमीटर इतकेच जाड असते. त्यामुळे तिथे जास्तच जपावे लागते.

दाब किती पडतो हे जोरावर अवलंबून असते, तितकेच तो किती जागेवर पसरला आहे यावरही. एका बोटाच्या टोकाखाली साधारण एक चौरस सेंटिमीटर जागा येते. घडी केलेल्या फडक्यावर सपाट पंजा ठेवला तर पन्नासेक येते. तोच जोर पंजाखाली पन्नासाव्या हिश्शाने जाणवतो. म्हणून डाग कितीही लहान असला तरी बोटाच्या टोकाने किंवा नखाने खरवडू नये. मॉनिटर पुसताना तो मागे कलतो, तेव्हा दुसऱ्या हाताने त्याची चौकट कडेने धरावी, पाठीवर मधोमध हात लावू नये. लॅपटॉपचे झाकण तर इतके पातळ असते की मागून लावलेली बोटे थेट पॅनेलवर दाब देतात.

मॅट पडद्याची आणखी एक नाजूक बाजू आहे. त्याच्या खडबडीतपणात तेल भरले की ती जागा काळपट आणि चकचकीत दिसते. तेल निघाल्यावर ती पुन्हा मॅट होते. पण त्याच जागी जोरात घासत राहिले, तर खडबडीतपणाच झिजतो आणि चकचकीत चट्टा कायम राहतो. तो कोणत्याही द्रावणाने जात नाही, कारण तिथे काढण्यासारखे काही नसते.

सगळा पडदा दमट फडक्याने सरळ पट्ट्यांत पुसून झाल्यावर, तो पूर्ण सुकण्याआधी तिसरे कोरडे फडके फिरवावे. उरलेली ओल या फडक्यात जायला हवी, हवेत नाही. फराटे न पडण्याचे रहस्य एवढेच आहे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढलेला असावा. गोल गोल फिरवल्यास उरलेली ओल वर्तुळांत सुकते आणि उजेडात ती वर्तुळे दिसतात. नंतर टॉर्च पुन्हा तिरका धरून पाहावे आणि अर्धा तास तरी टीव्ही चालू करू नये.

टॉर्चच्या उजेडात काही उरलेले दिसलेच, तर त्याचे रूप त्याचे कारण सांगते. इंद्रधनुषी झाक म्हणजे तेलाचा पापुद्रा. त्याला साबणाची आणखी एक फेरी हवी. पांढरट ठिपके किंवा कडा म्हणजे पाण्यातले क्षार. ते डिस्टिल्ड वॉटरच्या फडक्याने निघतात. पुसण्याच्या दिशेने गेलेल्या धूसर रेघा म्हणजे साबण, किंवा धुताना फडक्यात राहिलेला फॅब्रिक सॉफ्टनर. ओरखडा ओळखणे थोडे अवघड असते, कारण ओल्या फडक्याने तोही क्षणभर नाहीसा होतो. पाणी त्याच्या खाचेत भरते. फरक सुकल्यावर कळतो. उरलेल्या थराच्या रेघा प्रत्येक वेळी नव्या जागी, नव्या आकारात दिसतात. ओरखडा त्याच जागी, त्याच आकारात परत येतो. त्याच्यावर टूथपेस्ट किंवा पेट्रोलियम जेली लावण्याचे सल्ले मिळतात, ते ऐकू नयेत. टूथपेस्ट घासणारी असते, ती लेप आणखी झिजवते.

टीव्ही चालू असतानाच दिसणारा आणि बंद केल्यावर नाहीसा होणारा पांढरा ठिपका बाहेरचा नसतो. काही टीव्हींत मागच्या एलईडी दिव्यांवर चिकटवलेली छोटी लेन्स निसटली की तसा प्रखर गोल ठिपका दिसतो. तो पुसून जात नाही. त्यासाठी दुरुस्तीवाल्याकडे जावे लागते, आणि लेन्स परत बसवली की तो जातोही. दाबाने पडलेला डाग मात्र अनेकदा पॅनेल बदलल्याशिवाय जात नाही.

लहान मुलांच्या घरी टीव्हीवर ॲक्रिलिकचा पारदर्शक गार्ड लावतात. तो फटका अडवतो, पण त्याची स्वच्छता पडद्याइतकीच जपून करावी लागते. ॲक्रिलिकवर सहज चरे पडतात आणि अल्कोहोल लागल्यास त्यात बारीक भेगांचे जाळे उमटू शकते. गार्ड आणि पडदा यांच्यामध्ये धूळ शिरते, म्हणून तो अधूनमधून काढावा लागतो. काढताना किंवा लावताना तो पडद्यावर घासू देऊ नये.

फडकी धुताना ती सुती कपड्यांबरोबर टाकू नयेत, त्यांचे धागे मायक्रोफायबरला चिकटतात. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच वापरू नये, आणि सावलीत वाळवून ती झाकून ठेवावीत. जमिनीवर पडलेले फडके धुतल्याशिवाय पडद्याला लावू नये. धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने काढली तर पुरते. ओले फडके ठसे दिसतील तेव्हाच घ्यावे, कारण न पुसलेला ठसा पडद्याला तेवढे नुकसान करत नाही, जेवढे चुकीच्या पद्धतीने पुसलेला करतो.